परीक्षेच्या पर्यवेक्षणाचा मेसेज कसा लिहावा?

प्रश्न: शिक्षकांच्या ग्रुपवर सुपरव्हिजनचा मेसेज टाकायचा आहे. वेळ, खोल्या आणि बदलीचे नियम कसे लिहू, म्हणजे नंतर फोन येणार नाहीत?

उत्तर: एका दिवसाचा एकच मेसेज टाका. आठवड्याच्या तक्त्याचा फोटो टाकला की आपली ओळ कोणी नीट वाचत नाही. पेपर 11 वाजता असेल, तर असं लिहा:

"सोमवार, नववी, बीजगणित, 11 ते 1. 10:30 ला परीक्षा विभागात सही करून उत्तरपत्रिका घ्याव्यात, 10:45 ला वर्गात असावे. खोली 4: हिंदी शिक्षक, बैठक क्र. 1 ते 30. खोली 5: इतिहास शिक्षक, 31 ते 60. राखीव: चित्रकला शिक्षक, 11:30 पर्यंत स्टाफरूममध्ये."

"हिंदी शिक्षक" वगैरेच्या जागी अर्थातच शिक्षकांची नावं घाला. फक्त "10:30" लिहू नका, कुठे ते लिहा. नाहीतर कोणी थेट वर्गावर जातं आणि उत्तरपत्रिका ऑफिसातच राहतात. ज्या विषयाचा पेपर, त्या विषयाच्या शिक्षकांना त्या दिवशी खोली देऊ नका.

खरी गडबड बदलीत होते. दोघं आपसात ठरवतात, तिसऱ्याला पत्ताच नसतो, आणि 10:50 ला एक खोली रिकामी सापडते. म्हणून शेवटी स्पष्ट लिहा: "बदली हवी असल्यास आदल्या दिवशी 4 पर्यंत पर्यायी शिक्षकाचे नाव परीक्षा प्रमुखांना कळवावे. त्यांनी होकार देईपर्यंत ड्युटी मूळ शिक्षकाचीच. ऐनवेळी अडचण आल्यास मेसेज नको, फोन करावा. राखीव शिक्षक जातील."

बदल झाला की दुरुस्त केलेला पूर्ण मेसेज पुन्हा टाका आणि जुना डिलीट करा.