टीझर पितृपक्षातच टाक

पोरी,

तू पाठवलेला नवरात्राचा तक्ता पाहिला. नऊ दिवस, नऊ रंग, रोज सकाळी सात वाजता त्या-त्या दिवसाच्या रंगाचा ड्रेस इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर. खाली लिहिलंस, "काकू, गेल्या वर्षी हेच केलं, लाइक भरपूर आले आणि माल अर्धा पडून राहिला. चुकतंय काय ते कळत नाही." फोटोत काही चुकत नाही. तारखा चुकतात. बुधवारी सकाळी सात वाजता निळा ड्रेस दाखवलास, तर पाहणारीला तो आवडेल, मग ती तिच्याजवळची जुनी निळी साडी नेसून शाळेत निघून जाईल. तुझी पोस्ट तिच्यासाठी आठवण झाली, विक्री तिच्यातून कशी व्हावी?

घालायच्या दिवसापासून उलटं मोज. या पत्रात मी एवढंच सांगणार आहे आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

2025 चंच उदाहरण घेऊ, तारखा समोर आहेत. घटस्थापना 22 सप्टेंबरला, सोमवारी. निळा रंग बुधवारी, 24 ला. बाईला तो सकाळी अंगावर हवा, म्हणजे 23 च्या संध्याकाळी तुझ्या दुकानातून गेला पाहिजे. त्याआधी एक दिवस अंगावर घालून पाहायला आणि दंड सैल-घट्ट करायला. त्याआधी दोन दिवस शिलाई, तुरपाई, काज-बटन. त्याआधी एक दिवस कापायला आणि अस्तर धुऊन वाळवायला, कारण न धुतलेलं अस्तर पहिल्याच धुण्यात आकसतं आणि ब्लाउज चुरमडतो. आजूबाजूच्या गावातल्या बायका माप द्यायला आठवडी बाजाराच्या दिवशीच येतात, त्यासाठी तीन-चार दिवस सोड. मोजत मागे गेलीस की 15 तारखेवर येतेस. निळ्याचा टीझर, म्हणजे नुसती झलक दाखवणारी पोस्ट, त्या दिवशी पडली पाहिजे. नऊ दिवस आधी.

आता हेच सगळ्या रंगांना लाव. पहिल्या पांढऱ्याचा टीझर 13 ला, शेवटच्या गुलाबीचा, जो 30 ला होता, 21 ला. म्हणजे तुझ्या नऊच्या नऊ पोस्ट घटस्थापनेच्या आधीच्या नऊ दिवसांत संपतात. शेवटची पडते सर्वपित्री अमावस्येला.

इथे तू म्हणशील, काकू, हे तर पितर झाले. या दिवसांत नवं कापड कोण घेतं? तुझ्या सासूबाईही म्हणतील, "पितरात नवं घेत नसतात, बाप्पा." बरोबरच आहे त्यांचं, मीही घेत नाही. पण माप द्यायला आणि रंग निवडायला बहुतेक बायकांची हरकत नसते. कापड तुझ्या दुकानात, तिच्या नावाची चिठ्ठी टाचून ठेवलेलं. नवं कापड तिच्या घरात जातं ते घटस्थापनेच्या सकाळीच. त्या दिवशी सहाला दुकान उघड, पांढरे नग सगळे सकाळीच उचलले जातील. जिला हेही पटत नाही तिच्याशी वाद घालू नकोस, तिला शेवटच्या चार रंगांकडे वळव आणि तिचं माप घटस्थापनेच्या दिवशी घे. गावच्या रीतीला वळसा घालून धंदा करता येतो, तिला हसून करता येत नाही. शहरातून शिकून आलेली पोट्टी पितृपक्षाला "डेड पीरियड" म्हणतात तेव्हा मला राग येतो. दोन मशीन आणि एक कारागीर असलेल्या बाईसाठी तोच पंधरवडा कामाचा आहे.

रंगांची यादी कधी येते म्हणून वाट पाहत बसतेस, तीही पाहू नकोस. ही नऊ रंगांची प्रथा काही पोथीतली नाही, दोन हजारच्या दशकात महाराष्ट्र टाइम्सने ती घराघरात नेली. तिच्यात एक साधी बांधणी आहे. सात रंग वाराला बांधलेले आहेत: सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार करडा, रविवार नारिंगी. घटस्थापना ज्या वारी, तिथून सुरुवात. बदलतात ते फक्त शेवटचे दोन. 2023 ला जांभळा आणि मोरपंखी, 2024 ला गुलाबी आणि जांभळा, 2025 ला मोरपंखी आणि गुलाबी. म्हणून सात रंगांचं कापड तू पोळ्यानंतर लगेच नागपूरच्या गांधीबागेतून आणू शकतेस. शेवटच्या दोघांसाठी पैसे राखून ठेव आणि यादी पाहूनच जा. आणखी एक, 2025 ला तिथी वाढल्याने नवमी 1 ऑक्टोबरला होती आणि रंग मात्र 30 लाच संपले. अशा वर्षी पोस्टवर रंगासोबत तारीख आणि वार दोन्ही लिही, "आठवी माळ", "नववी माळ" एवढंच लिहून भागत नाही.

वाराला बांधलेलं आहे यात तुझी अर्धी खरेदी ठरलेली आहे, हे कोणी लक्षातच घेत नाही. आपल्याकडे दिवसाचा रंग पाळतं कोण? जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मॅडम, अंगणवाडी सेविका, दवाखान्यातल्या सिस्टर, बँकेतल्या मुली. त्यांचा ग्रुप फोटो निघतो, म्हणून त्यांना रंग लागतो. नारिंगी नेहमी रविवारी येतो. रविवारी शाळा नाही, फोटो नाही. करडा शनिवारी, अर्धी शाळा, आणि तसाही तो सणाला कोणाला नको असतो. पांढरा कोरा सवाष्ण बाई घेत नाही, त्याला लाल काठ किंवा जरीचा काठ पाहिजे. लाल तर प्रत्येकीच्या कपाटात आहे. शेतात जाणाऱ्या बाईला या दिवसांत सोयाबीनच्या सोंगणीतून मान वर करायला वेळ नसतो, तिच्या हातात पैसा सोयाबीन विकल्यावर येतो. तिच्यासाठी नऊ रंगांची मोहीम नाही. तिच्यासाठी दसऱ्याची एक साडी आणि पिको-फॉल, ते वेगळं खातं.

मग नग किती? तुझ्या दोन मशीन, मधेच लाइन जाते ते धरून, दिवसाला पाच नग हाताबाहेर पडतात असं तूच लिहिलंस. 15 ते 29 सप्टेंबर म्हणजे पंधरा दिवस, पंच्याहत्तर नग. यापेक्षा एकही जास्त नाही. पिवळा, हिरवा, निळा, गुलाबी प्रत्येकी बारा. मोरपंखी नऊ. पांढरा आणि लाल सहा-सहा. नारिंगी चार, करडे दोन. आता पुन्हा उलटं मोज. हिरव्यापर्यंतचे सगळे मिळून अठ्ठेचाळीस होतात आणि ते 25 च्या संध्याकाळपर्यंत द्यायचे आहेत. तोवर अकरा दिवसांत पंचावन्न नग निघतात. सातची मोकळीक उरते, तिच्यात पुढच्या रंगांचे सात नग काढून ठेव, नाहीतर शेवटच्या चार दिवसांत ते बसणार नाहीत. समान आठ-आठ वाटले असतेस तर करडे आणि नारिंगी खुंटीवर राहिले असते आणि हिरव्यासाठी बाया परत गेल्या असत्या. गेल्या वर्षी तुझं नेमकं हेच झालं.

आणि पूर्ण ड्रेसच्या मागे का लागतेस? मॅडमकडे पिवळी साडी असते, पण तिचा ब्लाउज चार वर्षांपूर्वीचा, आता अंगात शिरत नाही. तिला ब्लाउज शिवून दे. करड्यासाठी नुसती ओढणी ठेव. नऊ दिवसांचे नऊ नवे ड्रेस आपल्या तालुक्यात कोणी घेत नाही, दोन किंवा तीन घेतात, बाकी घरातलंच जुळवतात.

टीझरमध्ये लपव ते डिझाइन. बाहीची कडा, पाठीवरची डोरी, काठाचा तुकडा, बस. किंमत, किती नग आणि माप देण्याची शेवटची तारीख लपवायची नाही. "किंमत इनबॉक्समध्ये विचारा" हे इथे चालत नाही. आपली बाई किंमत विचारायला लाजते, परवडलं नाही तर काय म्हणतील म्हणून गप्प बसते आणि तुला वाटतं तिला आवडलं नाही. पोस्ट सकाळी सातला नको, तेव्हा ती डबे भरत असते. रात्री साडेआठनंतर टाक, स्टेटस दुसऱ्या रात्रीपर्यंत राहतो. फोटो सकाळी ओसरीच्या सावलीत काढ, फ्लॅश नको, फिल्टर तर मुळीच नको. निळा फोनमध्ये जांभळट दिसतो, मोरपंखी कधी निळा तर कधी हिरवा. फोटो काढल्यावर फोन त्याच कापडाशेजारी धर आणि दुसऱ्या कोणाला विचार. वेगळा दिसत असेल तर तसं पोस्टमध्येच लिही, नाहीतर घटस्थापनेला भांडण दारात उभं राहतं. माझ्याकडे राहिलेलं आहे. ठोक व्यापाऱ्याने एकाच पावतीवर दोन वेगवेगळ्या रंगवणीचे ताके दिले होते, फोटो एका ताक्याचा आणि ब्लाउज दुसऱ्याचा. तेव्हापासून ताका उन्हात उलगडल्याशिवाय मी पैसे देत नाही, दुकानदार कितीही घाई करो.

शेवटच्या तारखेनंतर नाही म्हणायला शीक. हे तुला सगळ्यांत जड जाईल, कारण नाही म्हटलं की समोरची बाई गावात काय बोलते ते मला माहीत आहे. मला ताठ म्हणाले, पैशाचा माज म्हणाले. पंचायतीतल्या एका मोठ्या घरची सून दोन वर्षं माझ्या दारात आली नाही. एकीसाठी रात्र जागलं की ज्या दुसरीने वेळेवर माप दिलं तिचा ब्लाउज तिरपा होतो. मी वेळेवर आलेल्या बाईची बाजू घेतली, अजूनही घेते. माझं दुकान मोठं झालं नाही याचं कारण लोक हेच सांगतात. मला ते कारण मान्य नाही. दुकान वाढलं नाही कारण मी शिलाईचे भाव वाढवायला घाबरत राहिले. त्याची खंत आहे, नाही म्हटल्याची नाही. तू भाव यंदाच वाढव, पहिल्या टीझरच्या आधी, मोहिमेच्या मधे नको.

मग नवरात्रात रोज काय टाकायचं? ज्यांनी तुझ्याकडून शिवलं त्यांना विचारून त्यांचे फोटो. शाळेच्या पायरीवर पिवळ्यात उभ्या आठ मॅडम, त्यातल्या तिघींचे ब्लाउज तुझे. दुकानात तयार असलेल्या ओढण्या, त्याच दिवशी नेता येतील अशा, एवढीच विक्री त्या नऊ दिवसांत. जे उद्या देता येत नाही ते आज दाखवायचं नाही.

पंचांग काढ, यंदाची घटस्थापना पाहा आणि तक्ता नव्याने लिहून पाठव. प्रत्येक रंगापुढे चार रकाने हवेत: घालायचा दिवस, द्यायची संध्याकाळ, मापाची शेवटची तारीख, टीझरची रात्र. याच क्रमाने भर, डावीकडून. आणि कारागिराला दसऱ्याच्या आधीचा हिशोब कधी देणार ते त्याच कागदावर खाली लिही.

तुझी काकू