सर्टिफिकेट कोर्सनंतर नोकरदारांसाठी जर्मनचे क्लास: बॅच आणि फी कशी ठरवावी?

प्रश्न: माझा जर्मनचा बी-२ पर्यंतचा सर्टिफिकेट कोर्स झालाय. नोकरी करणाऱ्यांसाठी क्लास सुरू करायचे आहेत. बॅच किती जणांची ठेवू, फी कशी ठरवू?

बी-२ असेल तर ए-१ निर्धास्त शिकवा, ए-२ तयारी करून शिकवा आणि बी-१ची घाई करू नका. शिकवणारा किमान दोन पायऱ्या वर असला, तरच "असं का?" या प्रश्नाला उत्तर देता येतं. आणि नोकरदार मंडळी "का" हमखास विचारतात.

फीचा विचार करण्याआधी तास मोजा. ग्योथे इन्स्टिट्यूट ए-१साठी ४५ मिनिटांच्या साधारण ८० ते २०० तासिका धरते. मी १०० धरते, म्हणजे ७५ तास. शनिवार-रविवार दोन-दोन तास घेतले तर १९ आठवडे होतात आणि सुट्ट्या धरून पाच महिने. तेव्हा "तीन महिन्यांत ए-१" असं जाहिरातीत लिहू नका. दिवसभर मोकळ्या असलेल्या विद्यार्थ्याला ते जमेलही, पण आठवड्याला चार तास देणाऱ्याला जमत नाही.

आता फी. पहिल्या बॅचला मला शिकवण्याच्या प्रत्येक तासामागे एक तास तयारीला लागला, म्हणजे एकूण १५० तास. पुढच्या बॅचला तीच तयारी एक तृतीयांशावर आली. म्हणून हिशोब १५० तासांचा न करता १०० तासांचा करा. तुमच्या एका तासाचा मोबदला ठरवा, त्याला १००ने गुणा आणि ६ने भागा. जागा आठ ठेवायच्या, पण भागायचं सहाने, कारण शेवटपर्यंत साधारण तेवढेच टिकतात. म्हणजे प्रत्येकाची फी तुमच्या १७ तासांच्या मोबदल्याच्या आसपास येते. आठापेक्षा जास्त जण घेतले, तर दोन तासांत प्रत्येकाला बोलायला मिळत नाही.

मी सुरुवातीला दरमहा फी घ्यायचे. ती चूक होती. दर महिन्याला प्रत्येक जण "पुढे चालू ठेवू का?" हे नव्याने ठरवायचा आणि नेमक्या कामाच्या गर्दीच्या महिन्यात सोडून जायचा. आता दोनच हप्ते घेते, पहिला प्रवेशाच्या वेळी आणि दुसरा नवव्या आठवड्यात. गळती बहुतेक त्याच्या आधी, कर्म विभक्ती म्हणजे आक्कुझाटिफ सुरू झाली की होते. लिंगांची आपल्याला भीती नसते, मराठीतही तीन आहेतच. पण "डेर टेर्मिन"चा वाक्यात "डेन टेर्मिन" झाला की गोंधळ सुरू होतो. "इश हाबे आइन टेर्मिन" असं वाक्य आलं की समजायचं, "आइनेन" अजून मुरलेलं नाही. तिथे दोन वर्ग जादा द्या. फक्त पुल्लिंगी एकवचनातच उपपद बदलतं, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी तसंच राहतं, हे उदाहरणांतून दिसलं की निम्मं ओझं उतरतं.

बॅच मोडण्याचं दुसरं कारण फीशी संबंधित नाहीच. माझ्या दुसऱ्या बॅचमध्ये नऊ जण होते. तिघांना जोडीदाराकडे जायच्या व्हिसासाठी ए-१ची परीक्षा ठरावीक तारखेआधी द्यायची होती, सहा जणांना ऑफिसातल्या जर्मन सहकाऱ्यांशी चार वाक्यं बोलायची होती. तिघांना फॉर्म भरणं, छोटी ईमेल लिहिणं आणि ऐकण्याचा सराव हवा होता. बाकीच्यांना तो रटाळ वाटायचा. सहाव्या आठवड्यात दोघं आले नाहीत, आठव्यात आणखी एक. शेवटी मी परीक्षेच्या तिघांना आठवड्यात एक वेगळी संध्याकाळ दिली, वरचे पैसे न घेता, कारण प्रवेश देतानाच विचारायला हवं होतं ते मी विचारलं नव्हतं. आता फी घेण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारते: परीक्षा द्यायची आहे का, कधीपर्यंत, आणि महिन्यातले किती शनिवार-रविवार कामात किंवा प्रवासात जातात. महिन्यातले दोन आठवडे बाहेर असणाऱ्याला मी बॅचमध्ये घेत नाही. एकट्याची शिकवणी सुचवते, तासाचा दर सरळ लावून.

चुकलेल्या वर्गाबद्दलही आधीच बोलून घ्या. माझ्याकडे पुढच्या वर्गाची पहिली १५ मिनिटं मागच्याच धड्याच्या वाक्यांवर असतात, त्यामुळे एक वर्ग चुकला तर चालतं. सलग दोन चुकले की मी स्वतः फोन करते. तिसरा चुकेपर्यंत थांबले, तर तो माणूस बहुतेक परत येत नाही.

एक गोष्ट लेखी द्या: तुमच्या क्लासचं प्रमाणपत्र हे हजेरीचं असतं. व्हिसाला मान्यताप्राप्त परीक्षेचंच लागतं. ग्योथेची परीक्षा त्यांचा कोर्स न करताही बाहेरून देता येते. तिची फी वेगळी असते आणि केंद्रावर जागा लवकर भरतात, म्हणून ती नोंदणी विद्यार्थ्यालाच दहाव्या-बाराव्या आठवड्यात सुरू करायला सांगा.