शमुवेल नावाचा अर्थ तळटीपेत द्यावा का?

‘हिब्रू बायबलमधल्या काही कथा मराठीत आणतोय. हन्ना मुलाचं नाव शमुवेल ठेवते आणि कारण सांगते, मी त्याला परमेश्वरापाशी मागून घेतलं. कोशात मात्र या नावाचा अर्थ “देवाचे नाव” असा दिसतो. दोन्ही जुळत नाहीत. टीप द्यावी का, आणि त्यात कोणता अर्थ द्यावा?’

टीप जरूर द्या, पण कोशातला अर्थ एकटा देऊ नका. तो वाचून वाचकाला वाटेल की हन्नाचं काही चुकलं, किंवा अनुवादकाचं. हिब्रू कथाकार नावाची व्युत्पत्ती सांगत नसतो. नाव उच्चारलं की जवळचा कोणता शब्द कानात वाजतो, ते तो दाखवतो आणि त्यावर कथा रचतो.

इथे तो शब्द आहे ‘शाआल’, म्हणजे मागणे. त्याची तीन व्यंजनं शीन, आलेफ, लामेद. शमुवेल हे नाव हिब्रूत शीन, मेम, वाव, आलेफ, लामेद असं लिहितात. शाआलची तिन्ही अक्षरं त्याच क्रमाने या नावात आहेत, फक्त मध्ये दोन अक्षरं घुसली आहेत. हिब्रू ऐकणाऱ्याला एवढं पुरे होतं. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायात वचन १७ ते २८ या टप्प्यात हा धातू सात वेळा येतो. एली याजक म्हणतो, तू जे मागणं मागितलंस ते देव देवो. हन्नाही पुढे तेच शब्द उचलते. म्हणून माझा आग्रह असा की टीपेच्या आधी मूळ मजकुरात ‘मागणे’ हे एकच क्रियापद टिकवा. एकदा ‘विनंती’, एकदा ‘याचना’, मग ‘अर्पण’ असं बदलत गेलात तर वाचकाला ऐकूच येणार नाही अशा गोष्टीवर टीप लिहावी लागेल.

खरी अडचण वचन २८ मध्ये आहे. तिथे हन्ना त्याच धातूचं प्रयोजक रूप वापरते. त्याचा अर्थ मागितल्यावर देणे, उसने देणे असा होतो. आणि लगेच म्हणते, हा परमेश्वराचा ‘शाऊल’, म्हणजे मागितलेला. हा शब्द पुढे येणाऱ्या शौल राजाच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतो. त्यामुळे काही अभ्यासकांना वाटतं की ही जन्मकथा आधी शौलाचीच असावी. मला दुसरं मत अधिक पटतं: कथाकाराने हे जाणूनबुजून केलं आहे. आठव्या अध्यायात लोक शमुवेलकडे राजा मागतात, तेव्हाही क्रियापद हेच आहे. आईने मागितलेला मुलगा आणि लोकांनी मागितलेला राजा यांची गाठ पहिल्याच अध्यायात मारलेली आहे. मराठीत ती नुसत्या मजकुरातून दिसणार नाही, म्हणून इथे टीप हवीच.

‘शमुवेल म्हणजे देवाने ऐकले’ हा अर्थही बराच फिरतो. तो टाळा. ऐकणे या अर्थाच्या ‘शामा’ धातूत शेवटी आयिन हे अक्षर असतं. इश्माएल या नावात ते आहे, शमुवेलमध्ये नाही. एखादा अर्थ पटण्याजोगा वाटला की हिब्रू अक्षरं एकदा पडताळून पाहावीत, अशा चुका तिथेच सापडतात.

टीप साधारण अशी लिहिता येईल: ‘शमुवेल हे नाव हिब्रूत “शाआल” (मागणे) या क्रियापदाची आठवण करून देते आणि हन्नाचे बोलणे त्या ध्वनिसाम्यावर आधारलेले आहे. नावाची मूळ घडण बहुधा “देवाचे नाव” किंवा “त्याचे नाव देव” अशी असावी.’ टीपेत ‘आठवण करून देते’ असंच राहू द्या, तिथे ‘म्हणजे’ आलं की ध्वनिसाम्याची व्युत्पत्ती होऊन बसते.

नावाचं भाषांतर मात्र नको. नावं ध्वनीनेच प्रवास करतात. कोकणातल्या बेने इस्राएल समाजात शमुवेलचं सामाजी झालं. १७९६ मध्ये मुंबईत सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे त्याच नावाचे.

प्रत्येक नावाला टीप लागत नाही. एलकाना या नावावर कथेत काहीच घडत नाही, ते सोडून द्या. हन्नाचं थोडं वेगळं आहे. तिच्या नावात ‘हेन’, म्हणजे कृपा, हा शब्द आहे आणि वचन १८ मध्ये ती एलीला म्हणते, तुमच्या दासीवर कृपा असू द्या. कथाकार स्वतः तिकडे बोट दाखवत नाही, म्हणून मी तिथे टीप देणार नाही. फक्त अनुवादात ‘कृपा’ हाच शब्द ठेवीन. याउलट पंचविसाव्या अध्यायात अबीगईल आपल्या नवऱ्याबद्दल म्हणते, जसं नाव तसाच तो, नाबाल. इथे अर्थ टीपेत ढकलला तर वाक्यच लुळं पडतं. ‘नाबाल, म्हणजे मूर्ख, हे त्याचं नाव, आणि मूर्खपणाच त्याच्या अंगी आहे’ असं सरळ मजकुरात घ्या.

शमुवेलची टीप वचन २० वर द्या, शाऊलची वेगळी वचन २८ वर. आणि नवव्या अध्यायात शौल पहिल्यांदा येतो तिथे ‘पाहा १:२८’ एवढं लिहा.