जॉब आलेखाचं गोल टोक, स्पर्शिका आणि पुस्तकातला K

प्रश्न: फेरिक आयन आणि सॅलिसिलिक ॲसिडच्या जांभळ्या कॉम्प्लेक्सवर जॉब्ज मेथड केली. आलेखाचं टोक ०.५ वर आलं, पण टोकदार नाही, गोल आलं. दोन्ही बाजूंनी स्पर्शिका काढून K दहा-बारा हजार मिळाला. पुस्तकात log K सोळाच्या आसपास आहे. माझं नेमकं चुकलं कुठे?

उत्तर:

गोल टोक ही चूक नाही. तुमचा K त्या गोलाईतच आहे. गडबड दोन ठिकाणी आहे आणि त्या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. स्पर्शिकेने K दुपटीहून जास्त फुगतो. आणि पुस्तकातला K ज्या समतोलाचा आहे, तो तुम्ही मोजलेला समतोलच नाही.

आधी स्पर्शिकेचं बघू. पॉल जॉब यांच्या १९२८ च्या या पद्धतीत धातू आणि लिगंड यांची एकूण संहती कायम ठेवतात आणि फक्त प्रमाण बदलतात. कॉम्प्लेक्स अजिबात विघटित होत नसेल तर आलेख दोन सरळ रेषांचा त्रिकोण होतो. विघटन झालं की मधला भाग खाली बसतो. त्रिकोणाचं शिखर Aₘ आणि प्रत्यक्ष वाचन A यांच्यातला फरक म्हणजे विघटन. १:१ कॉम्प्लेक्ससाठी:

```
α = (Aₘ − A) / Aₘ
K' = (1 − α) / (α² · C)
```

इथे K' म्हणजे तुमच्या द्रावणाच्या पीएचपुरता मोजलेला K, आणि C म्हणजे मधल्या मिश्रणात धातूची (तितकीच लिगंडची) एकूण संहती. दोन्ही मूळ द्रावणं ०.००१ मोलर असतील आणि ५ मिली अधिक ५ मिली घेतलं असेल, तर C = ०.०००५ मोलर. पुष्कळजण इथे ०.००१ घालतात आणि K निम्मा येतो, तेवढं एकदा तपासा.

अडचण Aₘ मध्ये आहे. सुरुवातीच्या बिंदूंमधून काढलेली रेषा खऱ्या त्रिकोणाची बाजू असते, असं आपण गृहीत धरतो. कॉम्प्लेक्स मजबूत असेल तर ते खरं. पण इथे ९ मिली लोह आणि १ मिली सॅलिसिलिक घेतलं तरी सगळं सॅलिसिलिक बांधलं जात नाही. म्हणजे रेषा मुळातच कमी चढाची निघते, शिखर बुटकं येतं, α कमी दिसतो आणि K फुगतो.

हे आकड्यांत दिसावं म्हणून मी उलटा हिशेब करतो. खरा K' ५००० आणि मोलर शोषणांक ε १५६० आहे असं धरू. या कॉम्प्लेक्सला ५३० नॅनोमीटरच्या आसपास साधारण एवढाच ε मिळतो. ०.००१ मोलर द्रावणं, एकूण १० मिली, १ सेंमी क्युव्हेट. मग सॅलिसिलिक १, २, ३, ४ आणि ५ मिली असताना ॲब्सॉर्बन्स अनुक्रमे ०.१२५, ०.२३८, ०.३३२, ०.३९६ आणि ०.४१९ यायला हवा. पुढची बाजू याचंच प्रतिबिंब. शून्यातून पहिल्या बिंदूमधून रेषा काढून मध्यावर नेली की Aₘ ०.६२७ येतो. त्यावरून α = ०.३३ आणि K' सुमारे १२,०००. खरा ५००० असताना १२,०००! तुमचा आकडा याच पट्ट्यात आहे, म्हणून तुमच्याकडेही हेच झालं असावं असं मला वाटतं. पहिल्या दोन-तीन बिंदूंमधून «सरासरी» स्पर्शिका काढलीत तर चढ आणखी कमी होतो आणि K आणखी फुगतो.

उपाय असा की Aₘ आलेखावरून न काढता ε वेगळा मोजायचा. लिगंड भरपूर जास्त घ्या, म्हणजे जवळजवळ सगळं लोह बांधलं जाईल. ०.००१ मोलर लोहाचे २ मिली आणि ०.०१ मोलर सॅलिसिलिकचे ८ मिली. वरच्याच उदाहरणात याचा ॲब्सॉर्बन्स ०.३०४ येईल. लोहाची संहती ०.०००२ मोलर, म्हणून ε = १५२१. मध्यबिंदूसाठी Aₘ = १५२१ × ०.०००५ = ०.७६०. α = ०.४५, K' सुमारे ५४५०. इतक्यावरही समाधान मानू नका, कारण जास्त लिगंडमध्येसुद्धा लोह पूर्ण बांधलेलं नाही. मिळालेला K' वापरून बांधलेला हिस्सा काढा: K' × मोकळं लिगंड = ५४५० × ०.००७८ = ४२.५, म्हणून हिस्सा ४२.५ / ४३.५ = ०.९७७. १५२१ ला याने भागलं की ε = १५५७, आणि पुन्हा हिशेब केला की K' सुमारे ५०३०. एका फेरीत उत्तर जागेवर येतं.

आता द्रावणं. बऱ्याच ठिकाणी फेरिक अलम आणि ०.००२ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरतात. गुणोत्तर काढायला ते चालतं. K साठी मी दोन्ही बदलेन. सल्फेट स्वतः फेरिक आयनला धरतं, म्हणजे अलममध्ये लोहासाठी सॅलिसिलिकला एक प्रतिस्पर्धी आधीच बसलेला असतो. आणि एक कॉम्प्लेक्स रेणू बनताना जवळजवळ दोन H⁺ सुटतात:

```
Fe³⁺ + H₂Sal ⇌ FeSal⁺ + 2H⁺
```

०.००२ मोलर ॲसिडमध्ये मधल्या मिश्रणातून सुटलेलं ॲसिड मूळ ॲसिडच्या पावपटीपर्यंत जातं आणि पीएच सुमारे ०.१ ने उतरतो. दोन H⁺ असल्यामुळे पीएच ०.१ ने उतरला की K' जवळपास १.६ पटीने घटतो. म्हणजे कडेच्या नळ्यांचा K' वेगळा आणि मधल्या नळीचा वेगळा, आणि आपण सगळ्यांना एकाच आलेखात बसवतो. ०.०१ मोलर ॲसिडमध्ये हीच घट ०.०२ च्या आसपास राहते.

म्हणून आधी माध्यम बनवा: ०.०१ मोलर नायट्रिक ॲसिड, त्यात लिटरला ९.१ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आयनिक स्ट्रेंग्थ ०.१ होते. पुढचं सगळं याच माध्यमात. फेरिक नायट्रेट नोनाहायड्रेट १.०१० ग्रॅम २५० मिलीमध्ये (०.०१ मोलर), सॅलिसिलिक ॲसिड ०.३४५ ग्रॅम २५० मिलीमध्ये (हेही ०.०१ मोलर). सॅलिसिलिक थंड पाण्यात हट्टीपणे तरंगत राहतं. कोमट माध्यमात ढवळून विरघळवा, गार झाल्यावरच खुणेपर्यंत भरा. मग दोन्हींचे १० मिली घेऊन १०० मिली करा. लोहाचं द्रावण त्याच दिवशी बनवा. शिळं होऊन पिवळट-तपकिरी झालं असेल तर त्यात हायड्रोलिसिस झालेलं आहे, आणि त्यातलं लोह सॅलिसिलिकशी लवकर जुळत नाही.

फेरिक नायट्रेट हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे वजनावर विश्वास ठेवू नका. ०.०१ मोलर द्रावण ४०–५० अंशांवर, पीएच २ च्या आसपास, ईडीटीएने टायट्रेट करा. निर्देशक म्हणून सॅलिसिलिक ॲसिडच चालतं: जांभळा रंग जाऊन लोह-ईडीटीएचा फिका पिवळा राहतो. टायट्रेशन चुकवलंत तर टोकाची जागा तुम्हाला सावध करेल अशी आशा ठेवू नका. लोह १० टक्के कमी असलं तरी एवढ्या बसक्या आलेखात टोक ०.५ लाच दिसतं. सावध करतात त्या जोड्या. वरच्या उदाहरणात लोह १० टक्के कमी धरलं तर ९:१ ला ०.१२३ आणि १:९ ला ०.११३ येतो. लोह कमी असलेली बाजू अशी सातत्याने खाली दिसली, तर लोहाची संहती पुन्हा तपासा.

वाचनाआधी ९:१, ५:५ आणि १:९ या तिन्ही मिश्रणांचे स्पेक्ट्रम ४०० ते ६५० पर्यंत घ्या. शिखर एकाच जागी असेल तर एकच कॉम्प्लेक्स आहे. लिगंड जास्त असलेल्या मिश्रणाचं शिखर डावीकडे सरकत असेल आणि रंग लालसर-तपकिरी होत असेल, तर पीएच चढलाय आणि १:२ कॉम्प्लेक्स शिरलंय. मग वरची सूत्रं लागू पडत नाहीत. नुसतं लोह माध्यमात ५३० ला वाचून तेवढा भाग प्रत्येक नळीतून वजा करा. ताज्या द्रावणात तो नगण्य असतो.

उरला पुस्तकातला सोळा. तो Fe³⁺ आणि पूर्ण विप्रोटित Sal²⁻ यांच्यासाठी आहे. पीएच २ ला जवळजवळ सगळं सॅलिसिलिक H₂Sal आणि थोडं HSal⁻ असतं, Sal²⁻ अत्यल्प. तुम्ही मोजता तो K' म्हणजे त्या पीएचपुरता, सशर्त स्थिरांक. या आयनिक स्ट्रेंग्थला pKa सुमारे २.८ आणि १३.४ घेऊन Sal²⁻ चा हिस्सा:

```
Sal²⁻ चा हिस्सा ≈ Ka1·Ka2 / ([H⁺]² + Ka1·[H⁺])
            = 10^(−16.2) / (10^(−4) + 10^(−4.8)) ≈ 10^(−12.26)
log K = log K' + 12.26 = 3.70 + 12.26 = 15.96
```

या पीएचला लोहाचाही साधारण पाचवा हिस्सा FeOH²⁺ रूपात असतो. त्याची दुरुस्ती आणखी ०.१ भर घालते आणि log K १६.०६ होतो. तुमचा १२,००० धरला असता तर १६.४ आला असता. हेही पुस्तकाच्या जवळच दिसतं, म्हणून «जुळलं» असं समजू नका. बारा-तेरा घातांकांची दुरुस्ती केल्यावर दुपटीची चूक ०.३ मध्ये लपून जाते. म्हणून जर्नलमध्ये K' पीएच आणि तापमानासह वेगळा लिहा, log K खाली. पीएच मीटर बफरने जुळवून मोजलेला हवा, «०.०१ मोलर म्हणून २.००» असा धरलेला नको. इथे पीएचची ०.०५ ची चूक log K मध्ये सुमारे ०.१ होऊन उतरते.

K' खरा आहे का, याची एकच चांगली कसोटी मला माहीत आहे. दोन्ही द्रावणं माध्यमानेच निम्मी पातळ करा, ०.०००५ मोलर, आणि फक्त ५:५ चं मिश्रण पुन्हा वाचा. K' ५००० असेल तर α ०.४६ वरून ०.५८ वर जायला हवा आणि ॲब्सॉर्बन्स ०.१६४ यायला हवा. निव्वळ पातळ केल्याने ०.४१९ चा निम्मा, म्हणजे ०.२१, आला तर विघटन होतच नाहीये आणि गोलाईचं कारण दुसरं आहे. बहुतेक पीएच किंवा पिपेट.