वड्याच्या कढईतलं तेल

वड्याचं तेल आधी बिघडतं ते बेसनाच्या चुऱ्यामुळे. तळाशी बसलेला चुरा जळत राहतो आणि तेल काळं, कडवट करतो. म्हणून प्रत्येक घाण्यानंतर बारीक झाऱ्याने चुरा काढा. रात्री तेल कोमट झालं की कोरड्या मलमलच्या दुहेरी कापडातून गाळा. कापड ओलं नको, तळाचा गाळ ओतू नका.

नुसत्या रंगावर जाऊ नका. वडा सोडल्यावर येणारे मोठे बुडबुडे लगेच फुटतात, ते ठीक. बारीक, पिवळसर फेस कडेला चढून टिकला, किंवा तळणीच्या नेहमीच्या आचेवरच धूर निघाला, तर तेल संपलं. त्यात ताजं तेल मिसळून ते सुधारत नाही. तेल तपासायचं मीटर असेल तर टीपीसी, म्हणजे तेल वापरून बिघडत जातं तसे त्यात वाढणारे ध्रुवीय घटक, बघा; ते २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल कायद्यानेच बाद.