एकच चेक, दोन कोर्टं

प्रश्न: लॉच्या पहिल्या वर्षाला पुरावा कायदा आहे. फौजदारीत बर्डन ऑफ प्रूफ कायम तक्रारदार पक्षावरच असतं ना? मग प्रिझम्प्शन कुठे येतं? दिवाणीपेक्षा वेगळं काय?

कायम नसतं. याच मुद्द्यावरून थोरले काका आणि मी आजही धड बोलत नाही.

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. एका हंगामात व्यापाऱ्याने ४६ रुपये किलोने दहा टन माल उचलला आणि ४,६०,००० चा चेक दिला. तो परत आला. नोटीस पाठवली, पंधरा दिवस वाट पाहिली, चेक न वटल्याबद्दल परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ ची तक्रार दाखल केली. सही त्याला कबूल होती, त्यामुळे वडील निश्चिंत. सही मान्य झाली की चेक हा देणं फेडण्यासाठीच दिला असं कोर्टाला धरून चालावं लागतं; हेच प्रिझम्प्शन, म्हणजे गृहीतक, कलम १३९. म्हणजे खटला फौजदारी, पण शाबितीची जबाबदारी आरोपीवर.

पण त्याने किती सिद्ध करायचं? त्याची गोष्ट जास्त संभवनीय वाटली तरी पुरे, अगदी दिवाणीसारखं. तो स्वतः साक्षीला आलाच नाही. बँकेचा उतारा दिला: आगेमागच्या नंबरांचे चेक आदल्या वर्षीच वटलेले. म्हणे हा जुना कोरा चेक, तारण म्हणून दिलेला. नंतर वडिलांच्या उलटतपासात वजनकाट्याच्या पावत्या निघाल्या सातच टनांच्या. शेवटच्या गाडीची ड्रायव्हरकडे राहिली होती. आम्ही ड्रायव्हरला साक्षीला बोलावलंच नव्हतं, चूक आमची. दोन्ही मिळून गृहीतक ढासळलं, शाबितीची जबाबदारी परत आमच्याकडे आली, आणि आता माप वाजवी संशयापलीकडचं. संशयाचा फायदा मिळून तो सुटला.

काका म्हणाले, कोर्टाने आपल्याला खोटं पाडलं, आता गप्प बसा. साफ चूक. कोर्टाने एवढंच म्हटलं की गुन्हा ठरवण्याइतकी खात्री पटली नाही.

मी तीन वर्षांच्या मुदतीत दिवाणी दावा लावला. त्याच पावत्या, शिवाय ड्रायव्हरची साक्ष: वीस किलोचे १५० क्रेट, म्हणजे राहिलेले तीन टन. तिथे कुणाचं पारडं जड एवढंच बघतात. व्यापाऱ्याने सुटकेचा निकाल पुढे केला, पण तो दिवाणी कोर्टाला बांधील नसतो. पूर्ण रकमेचा हुकूमनामा झाला.

यावरून चोरी-खुनाच्या खटल्यात आरोपीने निर्दोषत्व सिद्ध करायचं असतं असं मात्र समजू नका. तिथे जबाबदारी शेवटपर्यंत सरकार पक्षावरच. आणि चेकच्या केसमध्ये नुसतं 'देणं नाही' म्हणून गृहीतक पडत नाही, काहीतरी ठोस दाखवावं लागतं. दोन्ही मापं कायद्यात वेगवेगळी लिहिलेली नाहीत. 'शाबीत' ची व्याख्या एकच आहे, फरक न्यायालयांनी घडवला.

हुकूमनाम्याची प्रत काकांच्या घरी ठेवून आलो. वसुलीची दरखास्त अजून चालू आहे, त्यामुळे ते म्हणतात, बघ, पैसे कुठे आले?