करिअरची निवड : संरचना की कर्तृत्व?

प्रश्न : करिअर आपण स्वतः निवडतो की परिस्थितीच ते ठरवते? समाजशास्त्रातला संरचना आणि कर्तृत्व हा वाद सोप्या भाषेत कोणी समजावेल का?

मी सोलापुरात समाजशास्त्र शिकवतो, म्हणून उदाहरण इथलेच घेतो. समजा, पूर्व भागातल्या एका घरात वडील यंत्रमागावर काम करतात आणि आई घरी विड्या वळते. मुलगा बारावीनंतर टॉवेलच्या कारखान्यात लागतो, तर बहीण नर्सिंगला जाते. घर एकच असूनही वाटा वेगळ्या झाल्या, तेव्हा हे ज्याच्या त्याच्या जिद्दीचे फळ आहे, असे आपण चटकन म्हणतो. यालाच कर्तृत्वाची बाजू म्हणतात.

मात्र घर एक असले तरी दोघांपुढची परिस्थिती एक नव्हती. मुलाला मागावर लगेच पगार मिळू शकत होता, त्यामुळे त्याने शिकायचे ठरवले असते तर फीबरोबरच बुडणारा पगारही घराला सोसावा लागला असता. मुलीला मागावर पाठवण्याचा विचार घरात झालाच नाही. आईला विड्या वळू लागत ती शिकत राहिली आणि नर्सिंग हे ‘मुलींना शोभणारे’ काम असल्यामुळे तिला विरोधही कमी झाला. कोणती दारे उघडी आहेत, ती कोणाला दिसतात आणि त्यांतून जाण्याची किंमत किती, हे माणसाने निवड करण्याआधीच बऱ्याच अंशी ठरलेले असते. संरचना म्हणतात ती हीच.

म्हणून ‘किती टक्के परिस्थिती आणि किती टक्के मेहनत’ हा हिशेब मला निरर्थक वाटतो. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ पॉल विलिस यांनी इंग्लंडमधील कामगार कुटुंबांतल्या काही मुलांचा अभ्यास 1977 मध्ये प्रसिद्ध केला. ही मुले शिक्षकांची टर उडवत, अभ्यासू मुलांना हिणवत आणि अंगमेहनतीलाच मर्दानी काम मानत. शाळेची फसवणूक त्यांनी काही अंशी बरोबर ओळखली होती, कारण सगळीच कामगारांची मुले शिकून वर जाणार नव्हती. पण शाळा झिडकारून ती स्वखुशीने कारखान्यात गेली आणि बापाचाच वर्ग त्यांच्या वाट्याला आला. कोणी ढकलले नव्हते, तरी रचना जशीच्या तशी राहिली.

रचना माणसांच्या कृतीतूनच टिकते आणि बदलते, हा विचार समाजशास्त्रज्ञ अँथनी गिडन्स यांनी 1984 मध्ये सविस्तर मांडला. समाजशास्त्रज्ञ मार्गारेट आर्चर यांचा आक्षेप असा की, अशाने संरचना आणि कर्तृत्व या दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळून जातात आणि काळाचा क्रम हरवतो. मला आर्चर अधिक पटतात. वरच्या घरातला मुलगा कामाला लागला तेव्हा मागाचा धंदा, त्याची मजुरी आणि मुलामुलींच्या कामाची विभागणी त्याच्या आधीपासून होती. उलट त्याची बहीण नर्स झाल्याने बदल झालाच, तर तो तिच्या स्वतःच्या निवडीत नव्हे, तिच्यामागून येणाऱ्या चुलत-मामेबहिणींपुढच्या पर्यायांत दिसेल.